'कॅन्सल' म्हणू नका

परवा ऑफिसात जेवायच्या सुट्टीत आमच्या टीममधला एकजण डबा न उघडताच बसला होता. बहिणीचं लग्न तीन आठवड्यांवर, आणि साखरपुड्याला फोटोग्राफर उगवलाच नव्हता. फोन बंद. दुसऱ्या दिवशी "सर, गाडी पंक्चर झाली होती" असा मेसेज. मी विचारलं, मग आता काय करणार? तर म्हणाला, "काय करणार! कॅन्सल करतोय. पन्नास हजार ऍडव्हान्स गेला समजायचं. नॉन-रिफंडेबल असतो ना तो."

हे ऐकून माझं डोकं फिरलं, कारण मागच्या वर्षी हेच वाक्य माझ्या घरातल्या प्रत्येक माणसाने मला किमान दोनदा ऐकवलं होतं. फोटोग्राफर आला नाही, तुमचं कार्य फोटोशिवाय झालं, आणि तरी पैसे कोणाचे जाणार, तर तुमचे! आणि हे सगळ्यांना इतकं नैसर्गिक वाटतं की जणू पंचांगातच छापलंय. दुधवाल्याने दूध घातलं नाही तर आपण त्या दिवसाचे पैसे कापतो. पेपरवाल्याचे कापतो. मग साठ-साठ हजार घेऊन न येणाऱ्या माणसापुढे आपली वाचा का बसते?

तर आजचा पाल्हाळ त्यावर.

आधी माझी गोष्ट सांगतो, म्हणजे मी हवेत बोलत नाहीये हे कळेल. आमचं लग्न फेब्रुवारीत होतं. फोटोग्राफर मामाच्या ओळखीतून आला. (ओळखीतला म्हणजे खात्रीचा, हा आपल्याकडचा आणखी एक गैरसमज. ओळखीतल्या माणसाशी भांडता येत नाही, एवढीच त्याची खासियत.) त्याने व्हॉट्सऍपवर कोटेशन पाठवलं. सुपारीचा घरगुती कार्यक्रम, अर्धा दिवस, 8,000. प्री-वेडिंग 25,000. साखरपुडा 22,000. हळद 25,000. लग्न 60,000. दोन अल्बम 20,000. एकूण 1,60,000. खाली एक ओळ, '40 टक्के ऍडव्हान्स, नॉन-रिफंडेबल'. मी 64,000 भरले, वीस हजार टोकन म्हणून यूपीआयने आणि उरलेले त्याने सांगितलेल्या खात्यावर. पावती मागितली तेव्हा "सर, आपलंच काम आहे" असं उत्तर मिळालं. मीही गप्प बसलो.

सुपारी जूनमध्ये झाली. तो स्वतः आला, छान फोटो काढले, दहा दिवसांत दिले. याबद्दल त्याला पूर्ण मार्क.

ऑक्टोबरात प्री-वेडिंग. आमच्या हिला (तेव्हा व्हायची होती) वाईजवळचा मेणवलीचा घाट हवा होता. सकाळचं ऊन पायऱ्यांवर उतरतं तेव्हाचे फोटो हवे म्हणून त्यानेच सव्वासहाची वेळ दिली होती. आम्ही पहाटे साडेतीनला पुण्यातून निघालो, मेकअपवाली मुलगी बरोबर घेऊन. सहाला घाटावर हजर. साडेआठला त्याचा फोन लागला. आदल्या रात्रीचं रिसेप्शन लांबलं, झोप लागली, पुढच्या महिन्यात करू. आणि मी काय म्हणालो? मी म्हणालो, "ठीक आहे दादा, चालेल."

हे 'चालेल' लक्षात ठेवा. त्याच्याकडे परत येतो.

नोव्हेंबरात तुळशीचं लग्न झालं की मुहूर्तांची झुंबड उडते, त्यातल्याच एका तारखेला आमचा साखरपुडा. आजी 84 वर्षांची, बार्शीहून गाडी करून आली होती. सकाळी दहाला फोटोग्राफर नाही. अकराला नाही. "टीम निघाली आहे." बाराला अंगठ्या घातल्या, कारण गुरुजींना पुढचं कार्य होतं. टीम आलीच नाही. साखरपुड्याचे आमच्याकडे एकूण 41 फोटो आहेत, सगळे चुलतभावाच्या मोबाईलवरचे, आणि आजीने हिची ओटी भरली तेव्हा भाऊ जेवायला बसला होता. त्यामुळे तो फोटो नाही.

संध्याकाळी हिने सहज इन्स्टाग्राम उघडलं. साहेबांनी त्याच दिवशीच्या, दुसऱ्या कार्यालयातल्या, दुसऱ्या साखरपुड्याची स्टोरी टाकली होती!

इथे जरा या धंद्याचं गणित सांगायला हवं, कारण त्याशिवाय हे का होतं ते कळत नाही. मोठ्या मुहूर्ताच्या तारखा वर्षात मोजक्या. चातुर्मासात लग्नं जवळपास नसतातच. त्यामुळे स्टुडिओवाला एकाच तारखेला तीन-तीन, चार-चार कामं घेतो. स्वतः एका ठिकाणी जातो आणि बाकीच्या ठिकाणी दिवसाच्या बोलीवर फ्रीलान्सर पाठवतो. यात मुळात काही पाप नाही. पण त्या तारखेला फ्रीलान्सरही टंचाईतच असतात. जास्त पैसे देणाऱ्या स्टुडिओने आदल्या रात्री पोरं पळवली, की सगळ्यात लहान काम आधी बुडतं. लग्न सहसा बुडवत नाहीत, कारण तिथे मार पडण्याची शक्यता असते. :-) बुडतो तो साखरपुडा, हळद, प्री-वेडिंग. म्हणून कोटेशनमध्ये 'टीम' असा शब्द असेल आणि कॅमेरा कोणाच्या हातात असणार त्याचं नाव कुठेच नसेल, तर ती पहिली खूण समजा. आणि एक काम बुडवून झाल्यावर पुढच्या कामाआधी तो पुढचा हप्ता मागत असेल, तर तुमच्या पैशांनी तो दुसऱ्याच कोणाचा तरी फ्रीलान्सर भरतोय असं समजायला हरकत नाही. आमच्याकडे हे दोन्ही झालं होतं. साखरपुड्यानंतर चौथ्या दिवशी "सर, हळदीचं बुकिंग कन्फर्म करायला तीस हजार टाका" असा मेसेज आला!

आता घरातला सल्ला ऐका. आई म्हणाली, शुभकार्यात वाद नको. बाबा म्हणाले, कॅन्सल कर आणि दुसरा बघ, पैसे गेले तर गेले. मामा (ज्याच्या ओळखीचा तो) म्हणाला, पोलिसात जाऊ, फसवणुकीची केस टाकू. तिन्ही सल्ले प्रेमापोटी होते आणि तिन्ही चुकीचे होते. पोलिसांचं आधी निकालात काढू. फसवणूक म्हणायला पैसे घेतानाच बुडवायचा इरादा होता हे दाखवावं लागतं. याने सुपारी नीट केली होती. असल्या अर्जावर हे दिवाणी प्रकरण आहे म्हणून परत पाठवण्याचीच शक्यता जास्त, आणि त्यात हातातले दिवस जातात.

खरा घोळ बाबांच्या 'कॅन्सल' या शब्दात आहे. ही माझी मुख्य तक्रार आहे, त्यामुळे सावकाश सांगतो.

'नॉन-रिफंडेबल' ही ओळ फोटोग्राफर का घालतो? त्याची बाजू अगदी रास्त आहे. तुम्ही तारीख घेतलीत, त्याने त्या तारखेची दुसरी कामं नाकारली, आणि ऐनवेळी तुमचं लग्न मोडलं किंवा तुम्हाला स्वस्तातला कोणी भेटला. त्याचा दिवस फुकट गेला. त्या नुकसानीसाठी त्याने ऍडव्हान्स ठेवून घेतला तर त्यात गैर काही नाही. म्हणजे ही ओळ आहे गिऱ्हाईकाने पाठ फिरवली तर काय, यासाठी. आपल्याकडे घर-जमिनीच्या व्यवहारात इसार म्हणतात तोच प्रकार. इसार देणाऱ्याने शब्द मोडला तर इसार बुडतो. घेणाऱ्यानेच शब्द मोडला तर तो कसा बुडेल? सर्वोच्च न्यायालयाने 2012 साली सतीश बत्रा विरुद्ध सुधीर रावल या मालमत्तेच्या खटल्यात हेच स्पष्ट केलं. रक्कम जप्त व्हायची तर ती करार पाळण्याची हमी म्हणून दिलेली असली पाहिजे, तसं करारात स्पष्ट असलं पाहिजे, आणि देणाऱ्याने करार मोडलेला असला पाहिजे. किमतीचा भाग म्हणून आधी दिलेले पैसे नुसतं 'ऍडव्हान्स' किंवा 'इसार' नाव दिल्याने जप्त करता येत नाहीत.

म्हणजे सगळा खेळ एका प्रश्नावर आहे, करार मोडला कोणी? आणि तुम्ही ज्या क्षणी व्हॉट्सऍपवर "आम्ही तुमचं बुकिंग कॅन्सल करत आहोत" असं लिहिता, त्या क्षणी त्याच्या हातात आयतं कोलीत देता. तो पुढे तोच मेसेज दाखवणार. बघा, कॅन्सल यांनी केलं, माझ्या अटीत लिहिलंय, विषय संपला. दोनदा दांडी मारली त्याने आणि करार मोडणारे ठरलात तुम्ही. त्यामुळे तो शब्द वापरूच नका. लिहायचं असं की तुम्ही ठरलेली कामं केली नाहीत, म्हणून उरलेला करार मी संपवत आहे. मराठीत दोन्ही वाक्यं जवळपास सारखी वाटतात, पण हिशोब उलटा होतो.

यामागचा कायदा जुनाच आहे. भारतीय करार कायदा, 1872. त्यातलं कलम 55 म्हणतं की ठरलेल्या वेळी काम करायचं कबूल करून ते केलं नाही, आणि वेळ हाच कराराचा गाभा असेल, तर समोरच्याला तो करार किंवा त्यातला न झालेला भाग रद्दबातल ठरवता येतो. आता साखरपुड्याच्या फोटोत वेळ हा गाभा नाही, असं कोण म्हणेल? तो काय पुढच्या मंगळवारी येऊन काढणार आहे का? कलम 39 सांगतं की एखाद्याने आपलं काम करायला नकार दिला किंवा स्वतःला त्यासाठी असमर्थ करून ठेवलं, तर दुसरा करार संपवू शकतो. आणि कलम 75 प्रमाणे, योग्य कारणाने करार संपवणाऱ्याला नुकसानभरपाईही मागता येते.

पण (आणि इथे ते 'चालेल' परत येतं) याच कलमांना शेपटं आहेत. कलम 55 मध्ये पुढे असंही आहे की उशिरा केलेलं काम तुम्ही स्वीकारलंत, तर उशिरामुळे झालेलं नुकसान नंतर मागता येत नाही, जर स्वीकारतानाच तशी सूचना दिली नसेल तर. आणि कलम 39 चा हक्कही, तुम्ही शब्दांनी किंवा वागण्याने करार चालू ठेवायला संमती दिलीत, तर जातो. मेणवलीला आमची गाडी आणि मेकअप धरून 7,400 रुपये वाया गेले होते. मी घाटावर उभा राहून "चालेल" म्हणालो होतो आणि नंतर वर अंगठ्याचं चित्रही पाठवलं होतं. दुसरी तारीखही त्याने पाळली नाही, त्यामुळे मला भांडता आलं असतं कदाचित. पण माझ्या ओळखीच्या वकीलबाईंनी तो चॅट वाचून कपाळावर हात मारला आणि म्हणाल्या, "हे सोडून दे, बाकीचं पक्कं आहे ते पातळ करू नकोस." सोडलं. एका 'चालेल'ची किंमत 7,400.

आपल्याला भीड पडते हो. समोरचा 'सर सर' करत असतो, आपल्याला वाईट दिसायचं नसतं, म्हणून आपण चालेल, हरकत नाही, बघू, असं म्हणून टाकतो. म्हणायचं असेल तर म्हणा, पण त्याच्या शेपटाला जोडा, "नवी तारीख घेतो, पण आजचा झालेला खर्च तुमच्याकडून घेणार." भांडण नाही, आरडाओरडा नाही. एक ओळ.

आता सगळ्यात अवघड जागा. साखरपुड्यानंतर मी फोन केला तेव्हा तो म्हणाला, "सर, झालं गेलं विसरा, हळद आणि लग्नाला मी येणारच आहे, मग तुम्ही करार का संपवताय?" आणि खरं सांगतो, दोन मिनिटं मला उत्तर सुचलं नाही. कारण हळद-लग्नाची तारीख अजून यायची होती. न आलेल्या तारखेला तो येणार नाही, हे मी कशावरून म्हणायचं?

मार्ग असा निघाला. मी त्याला लेखी विचारलं की हळद आणि लग्न या दोन तारखांना प्रत्यक्ष कॅमेरा घेऊन कोण येणार, त्यांची नावं आणि फोन नंबर सात दिवसांत कळवा, आणि त्या तारखांना तुमची दुसरी किती बुकिंग्ज आहेत तेही सांगा. असं विचारलंच पाहिजे असं कायद्यात कुठे लिहिलेलं नाही. पण उत्तर काहीही आलं तरी आपला फायदाच असतो. नावं आली तर लग्नाला फोटोग्राफर नक्की झाला, आणि मग कदाचित करार संपवायची गरजही नाही. नावं आली नाहीत, तर तो असमर्थ आहे हे त्यानेच दाखवून दिलं. सहाव्या दिवशी उत्तर आलं, "टीम येईल सर, टेन्शन घेऊ नका 🙏". हा नमस्कार मी प्रिंट काढून ठेवला आहे.

पुराव्याबद्दल थोडंसं. इन्स्टाग्रामची स्टोरी 24 तासांत जाते. हिने त्या रात्रीच तिचं स्क्रीन रेकॉर्डिंग केलं, खात्याचं नाव आणि फोनवरची तारीख दिसेल असं. दुसरं म्हणजे व्हॉट्सऍपवर समोरच्याला आपले मेसेज थोड्या वेळात सगळ्यांसाठी पुसता येतात, त्यामुळे महत्त्वाचं काही आलं की लगेच स्क्रीनशॉट, आणि पूर्ण चॅट एक्स्पोर्ट करून स्वतःलाच ईमेल. आणि प्रत्येक फोननंतर एक मेसेज, "आत्ता फोनवर तुम्ही असं असं म्हणालात." तो खोडत नाही, कारण तो वाचतच नाही. :-) पावती नव्हती त्याचं फार अडलं नाही. यूपीआयचा संदर्भ क्रमांक आणि बँकेचं स्टेटमेंट पुरेसं झालं.

मग पत्र. वकिलाच्या लेटरहेडवरची नोटीस वगैरे काही नाही, माझं स्वतःचं साधं पत्र, ईमेलने, व्हॉट्सऍपवर आणि स्पीड पोस्टने त्याच्या स्टुडिओच्या पत्त्यावर. मायना सोडून मुख्य भाग असा होता:

"ठरलेल्या सहा कामांपैकी सुपारीचे काम आपण केले. प्री-वेडिंगला आपण आला नाहीत व नंतरही ते केले नाही. साखरपुड्याला आपण किंवा आपले कोणीही आले नाही. त्याच दिवशी आपण अन्यत्र काम करत असल्याचे आपल्याच इन्स्टाग्रामवरून दिसते. हळद व लग्नासाठी कोण येणार हे विचारूनही आपण कळवले नाही. आपण करार पाळला नाही, म्हणून त्याचा उरलेला भाग मी आजपासून संपवत आहे. आपणास 64,000 रुपये मिळाले आहेत. आपल्याच कोटेशनप्रमाणे झालेल्या कामाचे 8,000 वजा जाता 56,000 रुपये पंधरा दिवसांत परत करावेत. दुसऱ्या फोटोग्राफरसाठी जादा पडणारी रक्कम मागण्याचा माझा हक्क राखून ठेवत आहे. मात्र 56,000 रुपये मुदतीत मिळाल्यास मी ती मागणार नाही."

यात दोन गोष्टी मुद्दाम केल्या. एक, सुपारीचे 8,000 मी आपणहून कापले. घरात यावरही चर्चा झाली की सगळेच मागू, मग तो घासाघीस करेल. मला ते पटलं नाही. केलेल्या कामाचे पैसे त्याचेच आहेत, आणि पुढे कोणी तिसऱ्याने हा कागद वाचला तर मागणारा माणूस हिशोबाचा आहे हे पहिल्या नजरेत दिसावं. आकडा कुठून आला? त्याच्याच कोटेशनमधून. म्हणून सांगतो, कोटेशन घेताना नुसतं 'फुल पॅकेज 1,60,000' असं घेऊ नका, कामागणिक दर लिहून घ्या. पॅकेजच्या एका आकड्यात झालेल्या कामाची किंमत किती, यावरच दोन महिने जातात.

दुसरी गोष्ट म्हणजे जादा खर्च. नव्या फोटोग्राफरने हळद, लग्न आणि अल्बमचे 1,20,000 सांगितले. जुन्या कोटेशनमध्ये तेवढ्याच कामाचे 1,05,000 होते. हा 15,000 चा फरक करार मोडल्यामुळे थेट झालेलं नुकसान, म्हणून कलम 73 खाली मागता येतो. तो मी लगेच मागितला नाही, डोक्यावर टांगून ठेवला. साखरपुड्याचे फोटो गेले त्याचा मनस्ताप वगैरे मात्र लिहिला नाही. त्याची किंमत काय लावणार, आणि लावलेली कोणाला पटणार.

दोन दिवसांत फोन. आवाज एकदम गोड. "सर, वीस हजार परत देतो, आणि बाकीचे ऍडजस्ट करू ना. पुढे बाळाचं शूट असेलच की!" लग्न व्हायच्या आधी बाळाच्या फोटोंचा ऍडव्हान्स! ही वाटाघाट मी जन्मात विसरणार नाही. मी म्हणालो, लेखी कळवा. मग मामाला फोन गेले, मामाचे आईला, आईचे मला. चार दिवस घरात त्यावरून धुसफूस. मामाला मी एवढंच विचारलं, "तुझ्या दुकानातून कोणी पैसे देऊन गेला आणि तू माल दिला नाहीस, तर पैसे ठेवून घेशील का?" मामा भुसारी दुकानदार आहे. तो गप्प झाला आणि मग त्यानेच फोटोग्राफरला झापलं. अकराव्या दिवशी 30,000 जमा झाले.

आणि मग शांतता. पंधरा दिवस संपले, वीस झाले. "मार्चमध्ये बघू सर, सीझनचे पैसे आले की." लग्न झालं (नव्या फोटोग्राफरने उत्तम केलं, तो पावणेसातला येऊन गुरुजींच्या आधी चहा पीत बसला होता), आणि मार्चही उजाडला. पैसे नाहीत.

तेव्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकली. यालाच लोक सर्वात जास्त घाबरतात, आणि घाबरण्यासारखं त्यात फार कमी आहे. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 खाली तुम्ही जिथे राहता किंवा काम करता तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, फोटोग्राफरचा स्टुडिओ दुसऱ्या गावात असला तरी. सेवेसाठी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. वकील सक्तीचा नाही. मुदत घटनेपासून दोन वर्षं. तक्रार ऑनलाईन भरता येते, आधी ई-दाखिल होतं, 2025 पासून ई-जागृती आहे. याच कायद्यात अनुचित व्यापारी प्रथांच्या व्याख्येत अशीही एक गोष्ट आहे की त्रुटी असलेल्या सेवेचे पैसे पावतीवरच्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर तीस दिवसांत, परत करायला नकार देणं. आमचे तीस दिवस केव्हाच उलटले होते. मी तक्रारीत 26,000, त्यावर व्याज, आणि आता तो 15,000 चा फरकही लावला, कारण मुदत पाळली असती तरच तो सोडणार होतो.

याची मर्यादाही सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल हा गुलाबी चित्र रंगवतोय. कायद्यात तीन महिन्यांत निकालाचा प्रयत्न असं लिहिलं असलं तरी त्या भरवशावर राहू नका, तारखा पडतात. तक्रारीचा खरा उपयोग पुष्कळदा निकालापेक्षा नोटिशीत असतो. आणि दहा-पाच हजारांसाठी हे सगळं करावं का, हा प्रत्येकाने आपापल्या सुट्ट्या मोजून ठरवायचा प्रश्न आहे. मी सुट्टी एकही घेतली नाही, दोन शनिवार गेले.

अजून एक, तक्रार किंवा पत्र चालू असताना "पैसे दे नाहीतर गूगलवर रिव्ह्यू टाकतो" असं चुकूनही लिहू नका. माझ्या बोटांपर्यंत आलं होतं. रिव्ह्यू लिहायचा तर खरा लिहा, केव्हाही लिहा, पण पैशांच्या बदल्यात तो विकायला काढलात की धमकी देणारे तुम्ही होता, आणि इतके दिवस 'करार कोणी मोडला' यावर असलेलं भांडण भलतीकडेच जातं.

आयोगाची नोटीस गेल्यावर आठवड्यात त्याचा फोन आला. या वेळी 'सर' नाही, एकदम "साहेब". म्हणाला, तक्रार मागे घ्या, त्याच दिवशी 26,000 टाकतो. मी म्हणालो, 26,000 टाका, त्याच दिवशी मागे घेण्याचा अर्ज देतो, आणि 15,000 चं तुमच्या-माझ्यात लेखी मिटवू. तो म्हणाला, विश्वास नाही का? मी म्हणालो, नाही.

पैसे दुसऱ्या दिवशी दुपारी आले. फरकाचे 5,000 त्याने नंतर दिले, दहा मी सोडले, तसं दोघांच्या सह्यांनी लिहून घेतलं आणि अर्ज दिला.

ऑफिसातल्या मित्राला हे सगळं सांगितलं. त्याने मोबाईल काढून मला टाईप करून ठेवलेला मेसेज दाखवला. पहिलं वाक्य, "आम्ही तुमचं बुकिंग कॅन्सल करत आहोत." नशीब, अजून पाठवला नव्हता. तिथेच बसून खोडला, आणि मग त्याने डबा उघडला.